गुलाबी दिसलं म्हणून

सूक्ष्मजीवशास्त्राचे पेपर तपासताना एक उत्तर हमखास भेटतं: ‘पेशी गुलाबी, म्हणून ग्राम-निगेटिव्ह.’ मी लगेच गुण देत नाही. बॅसिलस सबटिलिस ग्राम-पॉझिटिव्ह. तो जांभळाच दिसायला हवा. पण वाढ थांबून मरणावस्थेकडे झुकलेल्या जुन्या कल्चरमध्ये पेशीभित्ती कमकुवत होते, अल्कोहोलने क्रिस्टल व्हायोलेट धुऊन जातो आणि सॅफ्रॅनिनचा गुलाबी रंग तेवढा उरतो. अल्कोहोल जास्त वेळ राहिलं तरी हीच फसगत. म्हणून कल्चर किती तासांचं, हे उत्तरात हवं. १८ ते २४ तासांचं बरं. त्याच काचपट्टीवर ताज्या स्टॅफिलोकॉकसचा ठिपका रंगवावा. तोही गुलाबी निघाला, तर हात चुकला. तो जांभळा राहिला, तर संशय कल्चरच्या वयावर. ताजं वाढवून पुन्हा रंगवायचं.