भेंडीचं पान आणि त्याच्यामागची भिंत

जुईनगरहून हार्बर लोकल पकडून रोज कॉलेजला जात असाल, तर रुळांलगतचे भाजीचे मळे तुम्ही खिडकीतून पाहिलेच असतील. कुठे माठ, कुठे पालक, कुठे भेंडी. यातल्या भेंडीचं एखादं पान पिवळं पडलेलं दिसलं, तर त्याला नेमकं काय झालंय हे मोबाइलने सांगावं, असा प्रोजेक्ट फायनल इयरला कुणी ना कुणी घेतंच. कदाचित यंदा तुम्हीच घेतला असेल.

बहुतेकदा होतं काय, की इंटरनेटवरून पानांचे तयार फोटो उतरवले जातात, त्यावर मॉडेल ट्रेन होतं, स्क्रीनवर ९९ टक्के अचूकता झळकते आणि टीम खूश. मग कुणीतरी तोच मोबाइल मळ्यात नेतं आणि मॉडेल चक्क मातीला ‘रोगट पान’ म्हणतं. चूक कोडमध्ये शोधत बसू नका. ती बहुधा फोटोंमध्ये असते.

९९ वरून ३१ वर

ही फसगत जगातल्या सर्वात गाजलेल्या पानांच्या संग्रहाच्या बाबतीतही झाली आहे. ‘प्लांटव्हिलेज’ हे त्याचं नाव. त्यात १४ पिकांच्या पानांचे ५४,३०६ फोटो होते. २०१६ साली मोहंती, ह्यूज आणि सालाथे या संशोधकांनी त्यावर मॉडेल ट्रेन केलं आणि त्याच संग्रहातल्या बाजूला ठेवलेल्या फोटोंवर त्याने ९९.३५ टक्के अचूकता दाखवली. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर मात्र तीच अचूकता ३१ टक्क्यांच्या जेमतेम वर राहिली. ही घसरण त्यांनी स्वतःच आपल्या लेखात नोंदवली आहे.

असं का झालं? या संग्रहातली पानं तोडून, साध्या कागदावर ठेवून, एकेक करून टिपलेली होती. एका रोगाचे फोटो एका बैठकीत, दुसऱ्याचे दुसऱ्या बैठकीत. त्यामुळे कागदाचा रंग आणि त्या वेळचा उजेडसुद्धा रोगाची चुगली करत होता. पुढे काही संशोधकांनी एक गमतीदार प्रयोग केला. पान पूर्ण बाजूला ठेवून त्यांनी फोटोच्या पार्श्वभूमीतले फक्त ८ पिक्सेल मॉडेलला दिले. तरी ४९ टक्के उत्तरं बरोबर आली! नुसत्या अंदाजाने ती ३ टक्केही आली नसती.

मॉडेलला रोग माहीत नसतो. दोन गटांतल्या फोटोंमध्ये जो फरक सर्वात सोपा सापडेल, तो ते उचलतं. हा फरक पानावरच राहील आणि मागच्या भिंतीवर जाणार नाही, याची काळजी फोटो काढणाऱ्यानेच घ्यायची असते.

आधी पानाकडे नीट बघा

भेंडीचंच उदाहरण घेऊ. भेंडीला ‘हळद्या’ नावाचा विषाणूजन्य रोग होतो. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. यात पानाच्या शिरा पिवळ्या पडतात आणि मधला भाग सुरुवातीला हिरवा राहतो. पानावर पिवळं जाळं विणल्यासारखं दिसतं. लोहाची कमतरता असेल तर चित्र बरोबर उलटं: शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. दोन्ही खुणा कोवळ्या पानांवर दिसतात. लांबून पाहिलं तर दोन्ही ‘पिवळी पानंच’.

आता उपाय बघा. हळद्या झालेलं झाड औषधाने बरं होत नाही. ते लवकर उपटून टाकायचं आणि पांढरी माशी आवरायची. लोहाच्या कमतरतेवर फेरस सल्फेटची फवारणी होते आणि झाड जगतं. म्हणजे लेबल लावताना तुमची गल्लत झाली, तर अ‍ॅप एखाद्याला चांगलं झाड उपटायला सांगेल, नाहीतर रोगट झाड मळ्यात ठेवायला सांगेल. म्हणून ‘पिवळं पान’ असा वर्ग ठेवूच नका. तीन वर्ग करा: ० निरोगी, १ हळद्या, २ लोहाची कमतरता. शंका असलेली पानं वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि जाणकाराला दाखवा. रायगड जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र रोह्याला आहे, तिथल्या तज्ज्ञांना विचारता येईल.

मळ्यात गेल्यावर

पहिली गोष्ट, मळेवाल्यांची परवानगी घ्या आणि फोटोसाठी रुळांवर अजिबात उतरू नका. दुसरी, पान तोडू नका. तोडलेलं पान लवकर मलूल होतं आणि झाडावर ते जसं दिसतं तसं दिसत नाही.

समजा तुम्ही ६० झाडं निवडलीत आणि प्रत्येकाचे १० फोटो काढलेत. एकूण ६०० फोटो. यात सर्वात जपायची गोष्ट म्हणजे तिन्ही वर्गांची झाडं एकाच मळ्यात, एकाच दिवशी, शक्यतो शेजारशेजारची टिपा. रोगट झाडं सकाळी आणि निरोगी झाडं भर दुपारी टिपलीत, तर मॉडेल ऊन ओळखायला शिकेल. भेंडीच्या वाणाचंही तसंच. ‘परभणी क्रांती’ हे वाण हळद्याला प्रतिकारक म्हणून ओळखलं जातं. निरोगी फोटो सगळे त्याचे आणि रोगट फोटो दुसऱ्याच वाणाचे असतील, तर? वाणानुसार पानाच्या कापा कमी-जास्त खोल असतात. मॉडेल कापा बघून ‘निरोगी’ म्हणेल आणि तुम्हाला वाटेल की ते रोग ओळखतंय.

एका झाडाच्या दहा फोटोंत काही जवळून, काही हातभर अंतरावरून, एखाददोन अख्ख्या झाडाचे असू द्या. काही उन्हातले, काही सावलीतले. जागेवरच झूम करून शिरा स्पष्ट दिसतायत का ते पाहा. घरी येऊन धूसर फोटो दिसला तर उपयोग नाही. फाइलच्या नावात मळा, झाड आणि फोटोचा क्रमांक ठेवा, उदाहरणार्थ `M1_Z07_03.jpg`. ही शिस्त पुढे कामाला येणार आहे. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवू नका. तिथे ते लहान होतात आणि नेमक्या बारीक शिराच पुसट होतात. पाठवायचेच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

चौकोन काढायचा म्हणजे काय

फोटोत हा रोग आहे की नाही, एवढंच सांगणारं मॉडेल वेगळं. ऑब्जेक्ट डिटेक्टर फोटोत कुठे काय आहे, ते चौकोन काढून दाखवतो. त्याला शिकवण्यासाठी तुम्हालाही प्रत्येक पानाभोवती चौकोन काढून वर्ग लिहावा लागतो. `LabelImg` किंवा `CVAT` सारख्या मोफत साधनांत हे माउसने होतं. योलो पद्धतीत प्रत्येक चौकोनाची एक ओळ बनते.

समजा फोटो ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० उंच आहे. हळद्या झालेलं पान डावीकडून १००० ते २६०० आणि वरून ६०० ते २१०० या जागेत आहे. चौकोनाचा मध्य आडवा १८०० वर आणि उभा १३५० वर येतो. त्यांना अनुक्रमे ४००० आणि ३००० ने भागलं की दोन्हीकडे ०.४५. रुंदी १६०० म्हणजे ०.४, उंची १५०० म्हणजे ०.५. ओळ अशी:

```
1 0.45 0.45 0.4 0.5
```

पहिला आकडा वर्गाचा. एवढंच. पण खरी मेख पुढे आहे. ज्या पानाभोवती तुम्ही चौकोन काढला नाही, ते मॉडेलच्या लेखी पान नाहीच, ती पार्श्वभूमी. फोटोत हळद्या झालेली पाच पानं आहेत आणि कंटाळून तुम्ही तीनच घेतलीत, तर उरलेल्या दोघांवरून मॉडेल शिकतं की ‘असं दिसणारं काही सांगायचं नसतं’. मग ते मळ्यात रोगट पानं सोडून द्यायला लागतं. म्हणून नियम आधी लिहून काढा: अर्धवट झाकलेल्या पानाचा दिसतो तेवढाच भाग घ्यायचा, मागची धूसर पानं ओळखू येत नसतील तर फोटोचा तो भाग कापून टाकायचा.

नियम सगळ्यांना सारखा कळलाय का, हे तपासायचा साधा मार्ग आहे. टीममधल्या दोघांनी तेच ५० फोटो एकमेकांचे न बघता लेबल करा. जिथे फरक पडेल, तिथे एकतर नियम अपुरा आहे किंवा पान खरंच संशयास्पद आहे.

वेळ किती लागेल? आयआयटी गांधीनगरच्या गटाने केलेल्या ‘प्लांटडॉक’ संग्रहात २,५९८ फोटो आहेत आणि त्यांच्या लेबलिंगला सुमारे ३०० तास लागले. म्हणजे फोटोमागे सात मिनिटं. त्या हिशोबाने तुमच्या ६०० फोटोंना ७० तास लागतील. चौघांत वाटलेत तर प्रत्येकी १७-१८ तास. सबमिशनच्या आदल्या रात्री होणारं हे काम नाही.

परीक्षेचा पेपर फुटू देऊ नका

आता ट्रेनिंगला ८० टक्के आणि तपासणीला २० टक्के फोटो काढायचे. सवयीने सगळे पत्त्यांसारखे पिसले जातात. इथेच पेपर फुटतो. प्रत्येक झाडाच्या दहा फोटोंपैकी सरासरी आठ ट्रेनिंगमध्ये जातात आणि दोन तपासणीत. तपासणीतलं जवळजवळ प्रत्येक पान मॉडेलने आधीच पाहिलेलं असतं. आकडा झकास येतो आणि काहीच सिद्ध होत नाही.

त्याऐवजी झाडं वाटा. ४८ झाडांचे सगळे फोटो ट्रेनिंगला आणि १२ झाडांचे सगळे तपासणीला. फाइलच्या नावात झाडाचा क्रमांक यासाठीच ठेवला होता. याहून कडक कसोटी हवी असेल तर पनवेलकडच्या एखाद्या दुसऱ्या मळ्यातले फोटो फक्त तपासणीला ठेवा. आकडा खाली येईल. पण अ‍ॅप वापरणाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या आकड्याच्या तोच जवळचा असेल, म्हणून रिपोर्टमध्ये तोच लिहा.

शेवटी एक प्रयोग आज संध्याकाळीच करून बघा. तपासणीच्या फोटोंतली सगळी पानं काळ्या चौकोनांनी झाका आणि ते फोटो मॉडेलला द्या. आता त्याने गप्प बसायला हवं. पानं झाकूनही ते छातीठोकपणे ‘हळद्या’ म्हणत असेल, तर ते पान पाहतच नव्हतं. मळ्यात पुन्हा जायची तयारी करा.