तीन गोळ्या घेऊनही बीपी कमी होत नाही? चौथ्या गोळीआधी या तीन गोष्टी तपासा

ठाणे : रक्तदाबाच्या तीन वेगवेगळ्या गोळ्या पूर्ण मात्रेत सुरू आहेत, त्यात एक लघवीचे प्रमाण वाढवणारी आहे, तरीही बीपी १४०/९० च्या खाली येत नाही. अशा रक्तदाबाला डॉक्टर ‘रेझिस्टंट हायपरटेन्शन’ म्हणतात. मात्र असे दिसणाऱ्या अनेकांचा रक्तदाब औषधांना खरोखर दाद देत नसतो असे नाही. कुठे मोजण्यात चूक असते, तर कुठे गोळ्याच पोटात जात नसतात.

हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. माजिवड्यात राहणारे ५४ वर्षांचे गृहस्थ रोज बसने अंधेरीला कामाला जातात. टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन सुरू आहे. तरी दवाखान्यात बीपी १६८/९८.

१. मोजमाप बरोबर आहे का?

त्यांच्या दंडाचा घेर ३६ सेंमी आहे आणि मशीनचा पट्टा २२ ते ३२ सेंमीसाठीचा. पट्टा लहान पडला की बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसते. शिवाय जिना चढून आल्या आल्या, बोलता बोलता मोजले गेले होते. मोठा पट्टा लावून, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसवून मोजल्यावर आकडा आला १५८/९४.

काहींचे बीपी फक्त डॉक्टरांसमोर वाढते. म्हणून सात दिवस घरी, सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी दोनदा मोजावे. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. ती १३५/८५ च्या खाली असेल, तर बीपी आटोक्यात आहे.

२. गोळ्या खरंच घेतल्या जातात का?

‘घेतो की रोज’ या उत्तरापेक्षा मेडिकलची बिले जास्त सांगतात. या गृहस्थांनी ९० दिवसांत क्लोरथॅलिडोनच्या १५ गोळ्यांच्या चारच पट्ट्या घेतल्या होत्या. म्हणजे ६० गोळ्या. ३० दिवस गोळी चुकली होती. कारणही साधे होते. घोडबंदर रोडच्या कोंडीत बस अडकली की लघवीची पंचाईत, म्हणून ऑफिसच्या दिवशी ते ती गोळी टाळत. डॉक्टरांशी बोलून वेळ बदलली आणि गोळी नियमित सुरू झाली.

३. बीपी वाढवणारे आणखी काही?

गुडघेदुखीसाठी ते स्वतःहून डायक्लोफिनॅक घेत होते. अशा वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी साठवतात. ती बंद झाली, पापड-लोणचे कमी झाले. महिनाभराने घरची सरासरी १४६/९० आली. सुधारणा झाली, पण पुरेशी नाही. आता याला खरा रेझिस्टंट रक्तदाब म्हणता येईल. जोरात घोरणे, झोपेत श्वास अडकणे असेल तर त्याचीही तपासणी लागते.

चौथी गोळी : स्पायरोनोलॅक्टोन

अ‍ॅल्डोस्टेरॉन हे संप्रेरक किडनीला मीठ धरून ठेवायला लावते. ही गोळी त्याचेच काम अडवते. ब्रिटनमधील ‘पाथवे-२’ या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चौथी गोळी म्हणून ती इतर पर्यायांपेक्षा सरस ठरली. डमी गोळीच्या तुलनेत वरचा आकडा सरासरी सुमारे ९ ने जास्त उतरला.

सुरू करण्याआधी अ‍ॅल्डोस्टेरॉन-रेनिन, क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करतात. कारण टेल्मिसार्टनसोबत ही गोळी रक्तातले पोटॅशियम वाढवू शकते आणि ते फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. आपल्या उदाहरणात पोटॅशियम ४.२ होते. २५ मिलिग्रॅमने सुरुवात झाली, दोन आठवड्यांनी ते ४.७ आले, म्हणून गोळी चालू राहिली. दोन महिन्यांनी घरची सरासरी १३३/८२ झाली.

एक खबरदारी महत्त्वाची : बाजारातल्या ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते. ही गोळी सुरू असताना ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. पुरुषांना छाती दुखणे किंवा फुगणे जाणवले तर संकोच न करता सांगावे, गोळी बदलता येते.

किडनीच्या नसांवरची प्रक्रिया कोणासाठी?

‘रीनल डिनर्व्हेशन’मध्ये जांघेतून बारीक नळी किडनीच्या धमनीत नेतात आणि धमनीभोवतीच्या मज्जातंतूंना उष्णता देऊन निकामी करतात. २०१४ च्या मोठ्या चाचणीत ही प्रक्रिया खोट्या प्रक्रियेपेक्षा ठळकपणे सरस ठरली नव्हती. सुधारित उपकरणांच्या चाचण्यांनंतर अमेरिकेच्या ‘एफडीए’ने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा दोन यंत्रणांना मान्यता दिली. परिणाम मात्र साधारण एका गोळीइतकाच असतो, तोही प्रत्येकात सारखा नाही आणि कोणाला गुण येईल हे आधी ठरवता येत नाही. गोळ्या बहुधा चालूच राहतात.

त्यामुळे तिचा विचार वरच्या सगळ्या पायऱ्या झाल्यावर, चौथी गोळी सोसत नसेल किंवा पुरत नसेल तेव्हा होतो. पट्टा लहान असेल किंवा ३० गोळ्या चुकल्या असतील, तर ही प्रक्रिया ती चूक दुरुस्त करू शकत नाही. पुढच्या भेटीला जाताना घरच्या नोंदी, तीन महिन्यांची बिले आणि घेत असलेली प्रत्येक गोळी सोबत न्या.