आयसोलेट, पण दुधात

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. वजन बासष्ट किलो, जिमला जाऊन तीन महिने झालेले. एका रविवारी घरी आला तो पोटावर हात ठेवूनच. "मावशी, मला व्हे झेपत नाही. ट्रेनरने सांगितलं म्हणून सगळ्यात महागडं आयसोलेट घेतलं, त्यात लॅक्टोज नसतं म्हणे. तरी पोट फुगतं, गुडगुडतं, तासाभरात दोनदा जावं लागतं."

मी विचारलं, "घेतोस कशात?"

"दुधात. तीनशे मिली, वर एक केळं."

तिथेच कोडं सुटलं होतं. त्याला ते पटवायला मात्र मला मागे, थेट दुधापर्यंत जावं लागलं.

दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ऐंशी टक्के केसीन असतं. चीज करताना दूध फाटतं तेव्हा घट्ट गोळा होतो तो केसीनचा, आणि वर जे पिवळसर-हिरवट पाणी राहतं ते व्हे, आपल्या भाषेत निवळ. उरलेली वीस टक्के प्रथिनं या निवळीत असतात, पण किती विरळ! एक लिटर निवळीत जेमतेम सहा-सात ग्रॅम प्रथिन आणि पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. बाकी बहुतेक पाणीच. एका स्कूपमधलं चोवीस ग्रॅम प्रथिन जमवायला जवळपास चार लिटर निवळ लागते, आणि त्या चार लिटरमध्ये लॅक्टोज असतं पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम. पावडर बनवण्याचा सगळा खटाटोप ही साखर काढून टाकण्यासाठीच चालतो.

(जिममध्ये काही जण सांगतात, पनीरचं पाणी प्या, ते फुकटचं व्हे आहे. तसं नाही. आपण दूध उकळतो. त्या उष्णतेने व्हेमधली बहुतेक प्रथिनं उलगडून केसीनला चिकटतात आणि पनीरबरोबरच निघून जातात. चक्का बांधल्यावर फडक्यातून गळणाऱ्या पाण्याचंही तेच. कणीक मळायला ते उत्तम, पण त्यात प्रथिन शोधू नये.)

साखर काढायची पद्धत म्हणजे गाळणं. चाळणी मात्र अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्याची. व्हेमधल्या मुख्य प्रथिनाचा रेणू लॅक्टोजच्या रेणूपेक्षा वजनाने पन्नासपट जड. दाबाखाली निवळ या पडद्यावरून फिरवली की पाणी, लॅक्टोज आणि क्षार पलीकडे जातात, प्रथिन अलीकडे राहतं. मग त्यात पुन्हा पाणी घालून धुतात, पुन्हा गाळतात. तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुवावेत तसं. शेवटी उरलेलं दाट द्रव गरम हवेत फवारून वाळवलं की पावडर तयार. यातलं जे ऐंशी टक्के प्रथिनापर्यंत नेलेलं असतं ते आपल्याकडच्या डब्यांमधलं नेहमीचं कॉन्सन्ट्रेट.

या पद्धतीत एक अडचण असते. स्निग्धांशाचे कणही मोठे असल्यामुळे तेही प्रथिनाबरोबर पडद्याच्या अलीकडेच राहतात. कितीही धुतलं तरी ते जात नाहीत, म्हणून ऐंशी टक्क्यांच्या आसपास गाडी अडते. पुढे जायचं तर आणखी एक, जरा मोठ्या छिद्रांची गाळणी लावावी लागते. तिच्यातून प्रथिन पलीकडे जातं आणि स्निग्धांश मागे राहतो. हा जादा टप्पा करून, आणखी धुऊन प्रथिन नव्वद टक्क्यांवर नेलं की त्याला आयसोलेट म्हणतात. जास्तीचे पैसे आपण या टप्प्याचे मोजतो.

आता हिशेब पाहा. ज्या चार लिटर निवळीत पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम लॅक्टोज होतं, त्यातलं कॉन्सन्ट्रेटच्या तीस ग्रॅमच्या स्कूपमध्ये उरतं साधारण दीड ते अडीच ग्रॅम. आयसोलेटच्या स्कूपमध्ये जवळपास पाव ग्रॅम. म्हणजे जवळजवळ सगळं लॅक्टोज कॉन्सन्ट्रेट होईपर्यंतच निघून गेलेलं असतं. आयसोलेट काढून टाकतं ते उरलेले दीड-दोन ग्रॅम.

हे दोन ग्रॅम म्हणजे किती? पन्नास मिली दूध घातलेल्या कपभर चहात अडीच ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज असतं. माझा भाचा दिवसातून तीन वेळा चहा पितो आणि त्याचं पोट कधी तक्रार करत नाही. ज्या कॉन्सन्ट्रेटला घाबरून त्याने आयसोलेट घेतलं, त्याच्या एका स्कूपमध्ये एका चहापेक्षा जास्त लॅक्टोज नव्हतं. आणि ते आयसोलेट तो ज्या तीनशे मिली दुधात घालत होता, त्या दुधात होतं चौदा ग्रॅम.

लॅक्टोज पचायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. लहानपणी ते सगळ्यांकडे भरपूर असतं. मोठेपणी पुष्कळ जणांचं कमी होत जातं. भारतात वायव्येकडच्या लोकांमध्ये ते टिकून राहण्याचं प्रमाण दक्षिणेपेक्षा जास्त आढळतं. विकर कमी पडलं की न फुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोहोचतं. तिथे ते पाणी ओढून घेतं आणि जिवाणू त्यावर ताव मारून वायू तयार करतात. पोट फुगणं, गुडगुडणं, घाईने धावावं लागणं, सगळं त्यातून आलं. दवाखान्यात याची तपासणीही श्वासातूनच होते. जिवाणूंनी तयार केलेला हायड्रोजन रक्तात शिरून फुप्फुसावाटे बाहेर पडतो, तो मोजतात.

पण विकर कमी असणं म्हणजे अजिबात नसणं नव्हे. लॅक्टोज नीट न पचणाऱ्यांपैकीही बहुतेकांना एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण पाव लिटर दुधाइतकं, फारसा त्रास न होता चालतं. भाच्याचे चौदा ग्रॅम नेमके त्या काठापलीकडे होते. त्यातून ते रिकाम्या पोटी, व्यायामानंतर, एका दमात घशाखाली उतरवलेले. हेच दूध जेवणाबरोबर घेतलं असतं तर पोटातून हळूहळू पुढे सरकलं असतं आणि विकराला वेळ मिळाला असता. दही बहुतेकांना दुधापेक्षा सोसतं, कारण विरजणातले जिवाणू थोडं लॅक्टोज आधीच खातात आणि उरलेलं फोडायला स्वतःचं विकरही पुरवतात.

मी त्याला तीन-तीन दिवसांचे दोन प्रयोग सांगितले. आधी तेच आयसोलेट नुसत्या पाण्यात घे. मग पावडर बंद करून तेवढंच दूध तशाच रिकाम्या पोटी पी. पाण्यात काहीच झालं नाही. दुधाच्या दुसऱ्याच दिवशी फोन आला, "मावशी, थांबवतो हे."

उलटं झालं असतं, म्हणजे दूध सोसलं आणि पाण्यातल्या पावडरीने त्रास दिला असता, तर दोष लॅक्टोजकडे जात नाही. मग डब्यावरची घटकांची यादी वाचायची. दाटपणासाठी घातलेला डिंक, काही कृत्रिम गोडवे, इन्युलिनसारखे तंतू यांनीही पोट फुगतं. अशा वेळी चव न घातलेली साधी पावडर अर्ध्या स्कूपपासून सुरू करून पाहावी. आणि व्हे किंवा दूध घेतल्यावर अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, तर ती दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते. तिथे आयसोलेट उपयोगाचं नाही, कारण त्यात तेच प्रथिन जास्त असतं. मग थेट डॉक्टरच.

"पण आयसोलेट लवकर पचतं ना?" हा त्याचा पुढचा प्रश्न. ट्रेनरची दुसरी ओळ. व्हे केसीनपेक्षा लवकर पचतं हे खरं, कारण पोटातल्या आम्लात केसीनची गुठळी होते, व्हेची होत नाही. पण कॉन्सन्ट्रेट काय आणि आयसोलेट काय, मूळ प्रथिन तेच. कॉन्सन्ट्रेटमधल्या दोनेक ग्रॅम स्निग्धांशाने फरक पडलाच तर थोड्या मिनिटांचा. सहा महिन्यांनी दंडाच्या घेरात तो दिसणार नाही.

त्याला खरी गरज किती, हेही त्या निमित्ताने मोजलं. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिन पुरतं, म्हणजे त्याला पंचाहत्तर ते शंभर ग्रॅम. मेसच्या सहा पोळ्यांतून अठरा, दोन वेळच्या पातळ वरणातून आठ, वाटीभर उसळीतून सात, भातातून पाच, सकाळच्या पोह्यांतून पाच आणि दिवसभराच्या चहातल्या दुधातून पाच धरले तर बेरीज अठ्ठेचाळीसवर थांबते. कोणत्याही व्हेचा एक स्कूप आणि दोन अंडी घातली की चौऱ्याऐंशी. झालं. अंडी न खाणाऱ्याने मूठभर शेंगदाणे आणि आणखी एक वाटी उसळ घ्यावी.

मग निवड पैशांवर येते. समजा, कॉन्सन्ट्रेटचा किलोचा डबा २४०० रुपयांना आहे आणि त्यात तीस ग्रॅमच्या स्कूपला साडेबावीस ग्रॅम प्रथिन आहे. म्हणजे किलोत ७५० ग्रॅम, दर ग्रॅमला तीन रुपये वीस पैसे. आयसोलेट ३४०० रुपयांना, किलोत ८५० ग्रॅम, दर ग्रॅमला चार रुपये. डब्याची किंमत नाही, ही ग्रॅमची किंमत लावून पाहायची. नवख्याला चहा आणि दही सोसत असेल तर माझं मत सरळ आहे: कॉन्सन्ट्रेट घ्या आणि पाण्यात घ्या. चहानेही पोट बिघडतं अशा माणसाने मात्र आयसोलेटचे पैसे जरूर द्यावेत. तो डबा त्याच्यासाठीच आहे.

दुकानात डबा उलटा करून दोन गोष्टी पाहाव्यात. पोषणमूल्यांच्या तक्त्यात एकूण साखर आणि वरून घातलेली साखर अशा दोन ओळी असतात. पहिलीतून दुसरी वजा केली की जे उरतं ते बहुतांशी लॅक्टोज. आणि पुढे मोठ्या अक्षरांत आयसोलेट लिहिलं असलं तरी घटकांच्या यादीत पहिलं नाव कोणतं आहे ते बघावं, कारण यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिलं नाव कॉन्सन्ट्रेटचं असेल तर डब्यात जास्त वाटा त्याचाच आणि किंमत दुसऱ्याची.

भाच्याने आयसोलेटचा डबा पाण्यात घेऊन संपवला. पाण्यात चव बेचव लागते ही त्याची तक्रार रास्त आहे. मध्ये एकदा त्याने ती पावडर उकळत्या चहात टाकली आणि फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्यांचा फोटो मला पाठवला. उष्णतेने प्रथिन गोठलं होतं, वाया गेलं नव्हतं, पण तो चहा काही प्यायला गेला नाही. आता त्याच्याकडे बिनचवीचं कॉन्सन्ट्रेट आहे. ते तो पातळ ताकात घुसळतो, वर मीठ आणि जिऱ्याची पूड घालून.