निरोप सांगताना बदलणारा ‘मी’

“सुरेश म्हणाला, की मी उद्या येतो.” या वाक्यातला ‘मी’ कोण? मराठी माणूस बिनदिक्कत सांगेल, सुरेश. आपण निरोप देताना बोलणाऱ्याचा ‘मी’ आणि त्याचा काळ तसाच ठेवतो.

इंग्रजीत हेच वाक्य शब्दशः नेलं, ‘सुरेश सेड दॅट आय विल कम टुमारो’, की घोटाळा होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, येणार आहे तो निरोप सांगणारा! कारण तिथे ‘दॅट’नंतर सगळं सांगणाऱ्याच्या जागेवरून मोजतात. सुरेशचा ‘आय’ ‘ही’ होतो, आणि ‘सेड’ भूतकाळी असल्याने ‘विल’चं ‘वुड’ होतं: ‘सुरेश सेड दॅट ही वुड कम’.

‘टुमारो’चं काय? शाळेतला तक्ता डोळे झाकून ‘द नेक्स्ट डे’ लिहायला लावतो. खरं तर निरोप त्याच दिवशी सांगितला तर ‘टुमारो’च बरोबर, आठवड्याने सांगितला तरच ‘द नेक्स्ट डे’. काळाचंही तसंच. सुरेशचं येणं अजून व्हायचं असेल, तर बोलताना ‘ही विल कम’ही चालतं. सर्वनामाला मात्र अशी सवलत नाही.