हिरवी टिक दिसली, पैसे कुठे आहेत?

(एपिसोडचं लिखित रूप, थोडं आवरून)

आजचा विषय माझ्या मामाच्या दुकानातून आलाय. बोरिवली पश्चिमेला, स्टेशनच्या जवळ त्याचं मोबाईल अ‍ॅक्सेसरीजचं छोटं दुकान आहे. गणपतीच्या आदल्या संध्याकाळी तुफान गर्दी, मामा जेवायला घरी गेलेला, गल्ल्यावर कामाचा मुलगा एकटाच. एका गिऱ्हाइकाने १,८५० रुपयांची पॉवर बँक घेतली. स्कॅन केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "क्यूआर चालत नाहीये रे, शेठचा नंबर दे, त्यावर टाकतो." मुलाने नंबर दिला. समोर हिरवी टिक, मामाचं नाव, रक्कम, वेळ, सगळं बरोबर. माणूस गेला. रात्री हिशोबाला १,८५० कमी.

मुलगा घाबरला होता, पगारातून कापणार म्हणून. मामाने कापले नाहीत, पण मला फोन आला. "तू इंजिनिअर ना, सांग, हे ओळखायचं कसं?"

मी म्हटलं, मामा, स्क्रीन बघून ओळखूच नकोस. नकली अ‍ॅप असतात, त्यात नाव आणि रक्कम टाकली की हुबेहूब तसाच स्क्रीन येतो, टिक फिरते, 'टिंग'ही वाजतं. फॉन्ट बघा, स्पेलिंग बघा असे सल्ले मला पटत नाहीत. आज चुकलेला फॉन्ट उद्या सुधारतो.

मुद्दा वेगळा आहे. यूपीआयमध्ये दोन कामं होतात: गिऱ्हाइकाच्या बँकेतून पैसे वजा होणं आणि तुमच्या बँकेत जमा होणं. मध्ये एनपीसीआयची यंत्रणा दोन्ही बँकांशी बोलते. गिऱ्हाइकाचा फोन फार तर त्याच्या बाजूची गोष्ट सांगतो. जमा झाल्याची गोष्ट तुमच्याच बाजूने कळायला हवी.

साउंडबॉक्स नेमकं हेच करतो. त्यात स्वतःचं सिम असतं आणि निरोप कंपनीच्या सर्व्हरवरून येतो, गिऱ्हाइकाच्या फोनचा त्याच्याशी काही संबंध नाही. म्हणून तो भरवशाचा. पण मामाचा बॉक्स गप्प का राहिला? कारण तो फक्त त्याच्या क्यूआरवर आलेल्या पैशांचं बोलतो. मामाच्या नंबरवर खरेच पैसे आले असते, तरी तो बोलला नसता. त्या माणसाने क्यूआर बाजूला ठेवला तो यासाठीच! आता बॉक्सच्या शांततेचा काही अर्थच उरला नाही. बँकेचा एसएमएस मामाच्या फोनवर, आणि मामा घरी.

दुसरी गंमत. बॉक्स बोलला तरी आकडा ऐका. एक रुपया खरा पाठवून १,८५० चा स्क्रीन दाखवला, तर स्टेशनच्या गोंगाटात आवाज तर आलाच ना!

बॉक्स नसेल तर आपल्या अ‍ॅपची हिस्टरी उघडा आणि सगळ्यात वरची नोंद बघा: रक्कम, वेळ, नाव. शंका असेल तर बारा आकडी यूपीआय रेफरन्स नंबर जुळवा. खरा व्यवहार असेल तर तोच नंबर दोघांकडे दिसतो. दरवेळी बॅलन्स बघत बसू नका. १ ऑगस्ट २०२५ पासून एका अ‍ॅपवर दिवसाला ५० वेळाच बॅलन्स बघता येतो, आणि नुसत्या बॅलन्सवरून पैसे कोणाचे ते कळतही नाही. एसएमएसवर विसंबत असाल तर पाठवणारा बघा. साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून 'क्रेडिटेड' आलं, तर ती बँक नव्हे. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

आता अवघड भाग. गिऱ्हाईक प्रामाणिक असतं, त्याचे पैसे वजा होतात, पण तुमच्याकडे येत नाहीत. असं खरंच होतं, त्याला चोर म्हणू नका. पण मालही देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार दुकानदाराला केलेलं पेमेंट असं अडकलं, तर पाच दिवसांत पैसे आपोआप परत जायला हवेत, आणि उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये द्यायचे. म्हणजे वाट बघण्यात त्याचे पैसे बुडत नाहीत, तुमचा माल मात्र गेला की गेला.

मामाने दोन गोष्टी केल्या. नंबरवर पैसे घेणं बंद, क्यूआर चालत नसेल तर रोख. आणि व्यापाऱ्यांच्या अ‍ॅपमध्ये मुलाला नुसते व्यवहार बघायची सोय करून दिली, आता शेठ घरी असला तरी त्याला स्वतःच्या फोनवर नोंद दिसते.

१९३० ला फोन करू का, असंही मामाने विचारलं. ती हेल्पलाइन कामी येते ती गेलेला पैसा पुढच्या खात्यात गोठवायला. इथे खात्यातून काही गेलंच नाही, गेली पॉवर बँक. म्हणून सीसीटीव्हीचं फुटेज पुसलं जायच्या आत पेन ड्राइव्हवर घेतलं आणि आम्ही सरळ पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार लिहून घेतलीये. पॉवर बँक अजून मिळालेली नाही.