नोंद घेतली, शब्द दिला नाही
स्प्रिंटमध्ये झालेलं काम संबंधितांना दाखवून त्यांचं मत घ्यायचं, तो स्प्रिंट रिव्ह्यू. समजा, दवाखान्याचं अपॉइंटमेंट अ‍ॅप पाहताना रिसेप्शनवरच्या ताई म्हणाल्या, "इथे प्रिंटचं बटण हवं." टीममधून कुणीतरी "करून टाकू" म्हणतं आणि पुढच्या रिव्ह्यूला ताई बटण शोधतात. त्याऐवजी आधी विचारावं, प्रिंट कशासाठी? मग कळतं, डॉक्टरांना सकाळी रुग्णांची यादी हातात लागते. तिकिटात बटण नव्हे, ही गरज लिहायची. कुणी सांगितली तेही. तिकीट बॅकलॉगमध्ये जातं, तारखेशिवाय. ताईंना तिथेच सांगायचं, "नोंदवलंय. घ्यायचं का, कधी, ते प्रॉडक्ट ओनर ठरवतील." नाही ठरलं, तर कारण लिहून तिकीट बंद करावं आणि ताईंना स्वतः कळवावं.