वीस वजाबाक्यांऐवजी एक प्रश्न

हातच्याची वजाबाकी वर्गात चालू असते. दोन-तीन मुलं पाच मिनिटांत सगळी गणितं संपवून वही पुढे करतात, आणि बाई त्यांना आणखी वीस गणितं देतात. जे येतं तेच पुन्हा करायला लावणं ही हुशारीची शिक्षाच झाली. त्याऐवजी वजाबाकीतच खोल उतरवणारा प्रश्न देता येतो. देवळालीत शाळामास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांनी तो आपल्याला दिलेलाच आहे.

कोणतीही तीन अंकी संख्या घ्या, फक्त तिन्ही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. 318 घेतली तर 831 − 138 = 693, मग 963 − 369 = 594, मग 954 − 459 = 495. पुढे कितीही वेळा केलं तरी 495. हा आकडा शिक्षकांनी आधी सांगू नये. मुलं शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात आणि तिथेही 495 दिसतो, तेव्हाच खरा प्रश्न उभा राहतो: नेहमीच असं होईल का?

इथेच पाठ बिघडू शकतो. मूल नुसती उदाहरणं जमवत बसलं, तर ती पुन्हा वीस गणितंच झाली. त्यासाठी टाचणात एक सूचना लिहून ठेवावी: ‘उत्तरातला मधला अंक बघ.’ तो कायम 9 असतो. दशकस्थानी वर-खाली एकच अंक असतो, पण एककासाठी हातचा दिल्यामुळे वरचा एकने घटतो, म्हणून तिथेही हातचा घ्यावा लागतो आणि 9 उरतात. हातचा म्हणजे काय, हे मुलाला इथे नीट उमगतं. कडेच्या दोन अंकांची बेरीजही 9 येते. म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर 099 पासून 891 पर्यंत नऊच उत्तरं शक्य आहेत. 198 आणि 891 यांचे अंक तेच, म्हणून अशा जोड्या लावल्या की तपासायला पाचच उरतात. ती तपासली की सिद्धता पूर्ण, आणि ती दहा वर्षांच्या मुलाची स्वतःची.

एक खाच मात्र आहे. 211 − 112 चं उत्तर 99 लिहिलं की पुढे 99 − 99 = 0 येतं. पुढचं शून्य धरून 099 लिहिलं, तर 990 − 099 असं पुढे जाता येतं. ही अडचण मुलांना स्वतःलाच सापडू द्यावी. स्थानिक किमतीची इतकी चांगली चर्चा एरवी क्वचितच होते.

हा प्रश्न सगळ्या वर्गाला द्यावा. सावकाश जाणाऱ्यांचा वजाबाकीचा सराव आपोआप होतो, पुढे गेलेले ‘का?’ शोधतात. वही तपासताना किती उदाहरणं केली ते मोजू नये, कारण मांडलं आहे का ते पाहावं. त्याहून पुढे जाणाऱ्यांसाठी दोन अंक आहेत, जिथे 63, 27, 45, 09, 81 असं चक्र सुरू होतं, आणि चार अंक आहेत, जिथे कापरेकरांची प्रसिद्ध 6174 भेटते. पाच अंकांचं काय होतं, ते शिक्षकांनी मुलांबरोबरच करून पाहावं.